मीठ कमी करा म्हटलं, मग आयोडीन कुठून?

ताईंनो, मागच्या पाठात आपण लोहाच्या गोळ्यांबद्दल वाचलं. या वेळचा विषय आहे आयोडीन. आयोडीन म्हटलं की जखमेवर लावायचं तपकिरी औषध डोळ्यासमोर येतं. ते औषध बाहेरून लावायचं, ते कधीही पोटात घ्यायचं नाही. आपण बोलणार आहोत ते जेवणातल्या आयोडीनबद्दल. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ते किती लागतं, आणि जी बाई मासे-अंडी खात नाही, वर जिला मीठ कमी करायला सांगितलं आहे, तिनं ते आणायचं कुठून, एवढाच प्रश्न आज घेऊ.

आयोडीन लागतं फार थोडं. आपल्या गळ्यात, समोरच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती आयोडीन घेते आणि त्यातून एक संप्रेरक तयार करते. शरीराची चूल किती जोरात पेटवायची हे ते संप्रेरक ठरवतं. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. जन्मभराचं आयोडीन एकत्र केलं तरी चहाचा एक चमचा भरणार नाही. पण ते रोज थोडं थोडं यावं लागतं, एकदम घेऊन चालत नाही.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ही गरज वाढते. जागतिक आरोग्य संघटनेनं ती 250 मायक्रोग्रॅम धरली आहे. वाढीची कारणं तीन. पहिलं, आईच्या ग्रंथीला नेहमीपेक्षा जवळजवळ दीडपट संप्रेरक तयार करावं लागतं. दुसरं, बाळालाही आयोडीन द्यावं लागतं. तिसरं, या दिवसांत लघवीतून आयोडीन जास्त निघून जातं.

पहिल्या तीन महिन्यांकडे नीट लक्ष द्या. त्या काळात बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. बाळाचा मेंदू मात्र तेव्हाच घडायला लागलेला असतो आणि त्याला हे संप्रेरक हवं असतं. ते सगळं आईकडून जातं. पुढे बाळाची ग्रंथी चालू झाली तरी तिला लागणारं आयोडीन आईच्याच रक्तातून येतं. फार मोठी कमतरता राहिली तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं, किंवा मुलाला बहिरेपणा आणि मतिमंदत्व येऊ शकतं. थोडी कमतरता डोळ्यांना दिसत नाही. गळा सुजत नाही, दुखत नाही. मूल शिकण्यात मागे पडतं, आणि त्याचं कारण मिठाच्या बरणीत होतं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ग्रंथीत आयोडीनचा थोडा साठा असतो, त्यामुळे एखादा दिवस कमी पडलं तर घाबरायचं कारण नाही. पण साठा लग्नाच्या वेळीच रिकामा असेल तर दिवस गेल्यावर धावपळ करून तो पटकन भरत नाही. म्हणून नवी सून घरात आली की मिठाची बरणी तेव्हाच बघायची, सातव्या महिन्यात नाही.

भाजीपाला भरपूर, तरी आयोडीन नाही

आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटतं, शेवगा आहे, मेथी आहे, नाचणी आहे, मग सगळं मिळत असणार. लोह आणि कॅल्शियमच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे, आयोडीनच्या बाबतीत नाही. पिकात आयोडीन मातीतून येतं, आणि मातीतलं आयोडीन पावसानं, पुरानं हजारो वर्षं वाहून समुद्राकडे गेलं आहे. ज्या शेतात आयोडीन नाही त्या शेतातली मेथी कितीही हिरवीगार असली तरी तिच्यात ते येणार कुठून? डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, बाळंतशेपा यांची कामं वेगळी आहेत. आयोडीनसाठी त्यांच्यावर विसंबून राहू नका.

समुद्रातल्या मासळीत आयोडीन चांगलं असतं, कारण मासळी ते पाण्यातून अंगात साठवते. एका अंड्यात साधारण 25 मायक्रोग्रॅम मिळतं, कोंबडीच्या खाण्यावर ते कमी-जास्त होतं. मासे नाहीत, अंडं नाही, अशा घरात उरतात दूध, दही, ताक आणि मीठ.

दुधात आयोडीन असतं, पण किती ते जनावराच्या खाण्यावर ठरतं. नुसत्या कडब्यावरच्या म्हशीच्या दुधात कमी, आणि खनिज मिश्रण खाणाऱ्या जनावराच्या दुधात जास्त. आपल्या गटांतल्या ज्या ताई दुधाचा धंदा करतात त्यांनी खनिज मिश्रणाच्या पिशवीवर बघावं, घटकांत आयोडीन लिहिलेलं असतं. म्हणून दूध-दही रोज घ्यावंच, पण त्याचा पक्का आकडा धरून हिशोब मांडता येत नाही. ते वरचं धरायचं.

मग मुख्य आधार राहतो मिठाचा. आता मीठ म्हणजे कुठलं मीठ, तेही बघू. समुद्राच्या पाण्यापासून केलेलं खडे मीठ असलं तरी त्यात आयोडीन जवळजवळ नसतं. समुद्राचं म्हणजे आयोडीन असणारच, हा समज कोकणातही आहे आणि देशावरही आहे. सैंधव, पादेलोण, दुकानात महाग मिळणारं गुलाबी मीठ, यांच्यावर आयोडीनयुक्त असं लिहिलेलं नसेल तर त्यांनाही आयोडीनच्या हिशोबात शून्यच धरा. उपवासाला सैंधव खाल्लं तर काही बिघडत नाही. पण ते आरोग्याला चांगलं म्हणून रोजच्या आमटीत आलं, की घरातलं आयोडीन बंद झालं.

आयोडीन मिठात मुद्दाम मिसळावं लागतं. यामागे आपल्याच देशातलं एक काम आहे. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघरी होता. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काही भागात आयोडीन घातलेलं मीठ आणि काही भागात साधं मीठ दिलं, आणि शाळेतल्या मुलांचे गळे तपासत राहिले. आयोडीनचं मीठ मिळालेल्या भागात गलगंड उतरत गेला. त्यातूनच 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा फक्त डोंगरातला आजार नाही हे पुढच्या पाहण्यांत कळलं, आणि आज माणसांच्या खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे. तरी जनावरांसाठी, चामड्यासाठी, बर्फासाठी म्हणून खडे मीठ पोत्यानं मिळतंच, आणि स्वस्त म्हणून ते स्वयंपाकघरात येतं.

एका घराचा हिशोब

आता एक घर घेऊ. समजा सासू-सासरे, मुलगा, सून आणि धाकटा दीर अशी पाच माणसं. घर माळकरी, अंडंही चालत नाही. सूनबाईंना चौथा महिना लागला आहे. या घरात स्वयंपाकाला खडे मीठ वापरतात. पुडीचं आयोडीनयुक्त मीठ महाग पडतं म्हणून ते वाटीत घालून पानाजवळ ठेवतात, ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. ही पद्धत आपल्या किती घरांत आहे ते तुम्हीच आठवून बघा.

या घरात दोन्ही मिळून एक किलो मीठ पंचवीस दिवस जातं. म्हणजे दिवसाला 40 ग्रॅम. पाच जणांत वाटलं तर माणशी 8 ग्रॅम. त्यातलं 7 ग्रॅम खडे मीठ आणि 1 ग्रॅम वरचं पुडीचं.

सूनबाईंचा रक्तदाब आधीपासूनच थोडा जास्त राहतो. तपासणीला डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा, वरून तर अजिबात घेऊ नका." सूनबाई शहाण्या, त्यांनी त्या दिवसापासून वाटीला हात लावला नाही. आता बघा काय झालं. मीठ कमी झालं फक्त 1 ग्रॅम. पण घरात आयोडीन होतं ते त्याच 1 ग्रॅममध्ये. ते पूर्ण गेलं. रक्तदाबाला ज्या मिठाचा त्रास आहे ते 7 ग्रॅम पोटात जातंच आहे, आणि बाळाला जे हवं होतं ते बंद झालं. डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं नव्हतं. घरात दोन मिठं आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

दुरुस्ती कशी करायची? पहिली गोष्ट, खडे मीठ स्वयंपाकातून काढायचं आणि आमटी-भाजीला पुडीचं आयोडीनयुक्त मीठ वापरायचं. दुसरी, सूनबाईंच्या वाट्याचं मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आणायचं. निरोगी मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे हे पथ्य घरातल्या सगळ्यांनाच चालेल.

आता या 5 ग्रॅममधून आयोडीन किती मिळतं ते मोजू. आपल्या हातात मीठ येतं तेव्हा त्यात किमान 15 पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे. 15 पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात 15 मायक्रोग्रॅम. 5 ग्रॅममध्ये झालं 75. शिजवताना आणि साठवताना साधारण पाचवा हिस्सा उडून जातो असं धरू, मग हाती लागतं 60. मीठ ताजं आणि चांगलं असेल, 30 पीपीएमचं, तर 150 मधून पाचवा हिस्सा जाऊन राहतं 120. म्हणजे सूनबाईंना मिठातून 60 ते 120 मिळणार, आणि लागतं 250.

या फरकाकडे बघून कुणी म्हणेल, मग मीठच जास्त खाऊ. ते करायचं नाही. आयोडीनसाठी मीठ वाढवणं म्हणजे रक्तदाब वाढवून घेणं. फरक दुसरीकडून भरायचा. दोन वेळा दूध, एक वाटी दही किंवा ताक, हे रोज. ताकात मीठ घालायचं तर ते पुडीचं आणि रोजच्या मापातलंच. त्यातून थोडं मिळेल. बाकीचं भरून काढायला आयोडीनची गोळी लागते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं.

गोळीबद्दल

इथे एक मोठी गैरसमजूत आहे. आशाताई आपल्याला लोह-फॉलिक अॅसिडची लाल गोळी देतात, पुढे कॅल्शियमची गोळी देतात. बाया म्हणतात, "मी सगळ्या गोळ्या घेते, मला काय कमी?" त्या गोळ्या घ्यायच्याच, त्यांचं काम वेगळं आहे. पण त्या दोन्हींत आयोडीन नसतं.

आयोडीन असतं ते काही मल्टीव्हिटॅमिन गोळ्यांत, सगळ्यांत नाही. गरोदरपणाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतही काहींत असतं, काहींत नसतं. पट्टीच्या मागे घटकांची यादी असते, त्यात आयोडीन किंवा पोटॅशियम आयोडाइड हे नाव शोधा. वाचता आलं नाही तर औषधाच्या दुकानात विचारा. पूरक म्हणून साधारण 150 मायक्रोग्रॅमची गोळी असते. आपल्या सूनबाईंचं गणित पुन्हा मांडा. मिठातून 60 ते 120 आणि गोळीतून 150, म्हणजे 210 ते 270, वर दूध-दही. भागलं.

पण ही गोळी शेजारणीचं ऐकून सुरू करायची नाही. ज्या बाईला थायरॉईडचा आजार आहे, जी थायरॉईडची गोळी घेते, जिच्या गळ्यावर गाठ आहे, तिला जादा आयोडीन त्रास देऊ शकतं. तिनं डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. आणि थायरॉईडची चालू गोळी मात्र दिवस गेले म्हणून कधीच बंद करायची नाही. उलट दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायचं, कारण तिचं प्रमाण बऱ्याचदा वाढवावं लागतं. ती गोळी लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, मध्ये चार तासांचं अंतर हवं.

समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा पावडरी नैसर्गिक म्हणून विकतात. त्या गरोदरपणात घेऊ नका. एका गोळीत किती आयोडीन आहे याचा भरवसा नसतो, आणि फार जास्त आयोडीन झालं तर बाळाची ग्रंथीच मंदावते. दिवसाला 500 मायक्रोग्रॅमच्या वर जाण्यात काही फायदा नाही असंच तज्ज्ञ मानतात.

मीठ कमी करायला कुणी सांगितलं?

हेही विचारायला हवं. आधीपासूनचा रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, ते पाळायचं. पण आपल्याकडे पाय सुजले की आत्याबाई मीठ बंद करतात, बाळंतीण झाली की अळणी जेवण सुरू होतं. शेवटच्या महिन्यांत पायावर थोडी सूज बऱ्याच जणींना येते. मीठ तोडून गरोदरपणातला धोकादायक रक्तदाब टळत नाही, आणि त्यासाठी मीठ तोडू नये असंच जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. अळणी खाऊन बाई निर्धास्त राहते आणि रक्तदाब मोजायचा राहतो, याची मला जास्त भीती वाटते. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीखाली पोटात दुखतंय, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एरवी दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे रक्तदाब मोजून घ्यायचा आणि मिठाचा प्रश्नही तिथेच विचारायचा.

बाळंतिणीच्या अळणी जेवणाबद्दल थोडं जास्त सांगते. अंगावर पाजणाऱ्या आईची गरज 250 मायक्रोग्रॅमच आहे, बाळंतपण झालं म्हणून ती उतरत नाही. आईच्या शरीराची रचना अशी की स्तन रक्तातलं आयोडीन ओढून दुधात घालतात. सहा महिने बाळ दुसरं काही खात नाही, म्हणजे बाळाला रोज लागणारं 90 मायक्रोग्रॅम आयोडीन त्या दुधातूनच यायचं. आईच्या ताटात नसेल तर दुधातही कमी पडतं. सहा महिन्यांनंतर आपण वरचं खाणं सुरू करतो आणि वर्षभर त्यात मीठ घालत नाही, ते बरोबरच आहे. पण त्यामुळे बाळाचं आयोडीन तेव्हाही बरंचसं आईच्या दुधावरच असतं. गोळी चालू असेल तर पाजणं चालू आहे तोवर ती घ्यायची का, हे बाळंतपणानंतरच्या पहिल्याच तपासणीत विचारून ठेवा.

आणखी एक. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरोदर बाईला ते देऊ नका, आणि दिलंच तर त्यावरही आयोडीनयुक्त लिहिलंय का ते बघा.

पाच ग्रॅम मोजायचे कसे

घरातल्या आमटीत कुणाच्या वाट्याला किती मीठ आलं ते कळत नाही. यावर एक साधा उपाय आहे. पातळ औषधाबरोबर 5 मिलीचा छोटा चमचा येतो. बारीक मिठाचा तो सपाट चमचा साधारण 6 ग्रॅम भरतो, म्हणून काठापेक्षा थोडा कमी भरायचा. असे सात चमचे सोमवारी एका छोट्या डबीत काढून ठेवायचे. ते सूनबाईंचं आठवड्याचं मीठ. सगळ्यांची भाजी-आमटी मीठ न घालता शिजवायची, सूनबाईंचा वाटा आधी काढायचा आणि त्यात डबीतलं मीठ घालायचं. मग उरलेल्यात घरच्यांचं. भाकरी-पोळीच्या पिठात मीठ घालायचं नाही, भाताला नाही. डबी शनिवारीच संपली तर कुठेतरी हात सैल पडला. शिजल्यावर शेवटी मीठ घातल्यानं आयोडीनही कमी उडतं, हा वरचा फायदा.

या मापातून लोणचं, पापड, शेव-फरसाण, खारे शेंगदाणे वगळावे लागतात. लोणच्याच्या एका फोडीत आणि एका पापडात पुष्कळ मीठ असतं, आणि बहुतेक वेळा ते खडे मीठ असतं. म्हणजे मिठाचा कोटा खर्च होतो आणि आयोडीन काहीच मिळत नाही. तोंडाला चव हवी असेल तर लिंबू, कोकम, आलं, ओली मिरची, जिरं आहेच. लोणचं-पापडाचा धंदा करणाऱ्या गटांनी घरच्यापुरतं तरी आयोडीनयुक्त मीठ वापरून बघावं. त्यानं लोणचं काळं पडतं अशी धास्ती असते, ती उगाच आहे.

पुडी फोडली की मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवायचं. ओला चमचा घालायचा नाही. आयोडीन लावलेलं जाडं मीठ काही जणी स्वच्छतेसाठी धुऊन घेतात. आयोडीन वरच्या थरावर असतं, ते पाण्याबरोबर मोरीत जातं. वर्षाचं मीठ एकदम भरू नका, महिना-दोन महिन्यांचं आणा.

पुढच्या बैठकीत करायचं

पुडीवर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असतं, ते आयोडीनयुक्त मिठाचं. सुट्या मिठाला चिन्ह नसतं, तिथे तपासणी कामाला येते. आशाताई किंवा उपकेंद्राकडे मीठ तपासायची किट आहे का ते आधी विचारून ठेवा आणि त्यांना बैठकीला बोलवा. प्रत्येकीनं स्वयंपाकात रोज वापरतो ते मीठ, चमचाभर, कागदाच्या पुडीत आणायचं. पानाजवळच्या वाटीतलं नाही, हे आवर्जून सांगा. पुडीवर नाव नको, नुसता आकडा घाला, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

आधी किटच्या बाटलीवरची मुदत बघायची. मीठ बशीत पसरून त्यावर औषधाचा एक थेंब टाकायचा. आयोडीन असेल तर जांभळा-निळा रंग येतो. किटमध्ये रंगांची पट्टी असते, तिच्याशी रंग जुळवायचा. रंग नाहीच आला तर किटमध्ये दुसरी बाटली असते, फेरतपासणीची. नव्या चिमटीवर आधी तिचा थेंब आणि मग पहिल्या बाटलीचा. तरीही पांढरंच राहिलं तर त्या मिठात आयोडीन नाही. रंगाच्या गडदपणावरून 15 का 20 असा नेमका आकडा काढू नका, या किटवरून आहे की नाही एवढंच खात्रीनं कळतं. तपासलेलं मीठ फेकून द्यायचं. बटाट्यावर मीठ आणि लिंबू टाकून करायचा प्रयोग फोनवर फिरतो, त्यात रंग कधी येतो कधी येत नाही, त्यावर निर्णय घेऊ नका.

वहीत तीन रकाने करा. पुडीचा आकडा, मीठ कुठलं (पुडीचं, खडे, सैंधव), रंग आला की नाही. ज्या घरात गरोदर किंवा पाजणारी बाई आहे त्या आकड्याभोवती गोल करा. गोल केलेल्या पुड्यांपैकी किती पांढऱ्या राहिल्या, ते ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. पुडीबंद, चिन्ह असलेलं मीठ पांढरं निघालं तर पुडी जपून ठेवा, तिच्यावरचा बॅच नंबर उतरवून घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवा. दोन महिन्यांनी त्याच घरांचं मीठ पुन्हा आणायचं आहे, तेव्हा आकडे तेच ठेवा.